कमोडचा फ्लश, बेसिनच्या गुळण्या: हवा अडली की लाइन तुंबली, हे कसं ओळखायचं

डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीतून जूनमध्ये फोन आला. ४०१ मधल्या आजी म्हणाल्या, "फ्लश ओढला की बेसिनमध्ये कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटतं. रात्री तर दचकायला होतं." प्लंबर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने बेसिनच्या पाइपात स्प्रिंग घातली, थोडा केसांचा गुंता काढला आणि पैसे घेऊन गेला. आवाज होता तिथेच होता.

मी बांधकामाच्या साइटवर प्लंबिंगची कामं बघतो, त्यामुळे अशी तक्रार नवी नाही. बहुतेक लोकांची पहिली चूकही तीच असते: आवाज बेसिनमधून येतो म्हणून बेसिनवर उपचार करायचे. खरं तर बेसिन बिचारं फक्त सांगायचं काम करतं. बिघाड त्याच्या पुढे, कमोड आणि बेसिनचं पाणी जिथे एकत्र येतं त्या पाइपात असतो. तिथे दोनच गोष्टी संभवतात. एक तर पाइपाला वरून हवा मिळत नाही, नाहीतर खाली लाइन अर्धवट तुंबली आहे. आवाज दोन्हींत साधारण सारखाच येतो, पण इलाज पूर्ण वेगळे. एकावर गच्चीत जायचं असतं, दुसऱ्यावर चेंबरपाशी.

बेसिन गुळण्या का करतं

बेसिनच्या खाली बाटलीसारखा जो भाग असतो त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी कायम अडकून राहतं. हे पाणी म्हणजे बूच आहे. ड्रेनेजची घाण हवा घरात येऊ नये म्हणून ते ठेवलेलं असतं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये आणि कमोडच्या वाकड्या मानेतही असंच पाणी असतं. नहाणी ट्रॅपमध्ये या बुचाची खोली साधारण ५० मिलिमीटर असावी लागते, चांगल्या बॉटल ट्रॅपमध्ये ७५ मिलिमीटर.

आता ५० मिलिमीटर पाण्याचं बूच किती घट्ट असतं? अजिबात नाही. स्ट्रॉने सरबत पाच सेंटिमीटर वर ओढायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात ते निघतं. आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबाचा हा जेमतेम दोनशेवा भाग. म्हणजे पाइपातल्या हवेत एवढासा फरक पडला की ट्रॅपमधलं पाणी हलायला लागतं.

फ्लशचं पाणी उभ्या पाइपातून खाली कोसळताना आपल्याबरोबर हवा ओढत नेतं. तिच्या जागी वरून नवी हवा यायला हवी. त्यासाठीच हा पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेऊन उघडा ठेवलेला असतो. ते तोंड बंद झालं तर पाइप हवा दुसरीकडून घेतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे बेसिनच्या ट्रॅपमधली. ट्रॅपमधलं पाणी खाली ओढलं जातं, त्याच्या बाजूने हवा घुसते आणि गळाक-गळाक आवाज येतो. याला आपण ओढ म्हणू.

उलटा प्रकार खाली अडथळा असेल तेव्हा होतो. फ्लशचं पाणी पुढे सरकतं, पण त्याच्या पुढच्या हवेला खाली वाट नसते. ती दाबली जाते आणि बेसिनच्या ट्रॅपमधलं पाणी फोडून वर येते. भात शिजताना झाकणाखाली जसे बुडबुडे येतात तसा आवाज. हा रेटा.

ओढ असेल तर हवा अडली आहे, रेटा असेल तर लाइन तुंबली आहे. पुढची सगळी तपासणी या एका फरकासाठी आहे. याला अपवादही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

एक आवाज मात्र यातून वगळा. बेसिन भरून सोडलं की शेवटचं पाणी जाताना गुळूक होतं, ते पाणी स्वतःच्या वेगाने जातं म्हणून. त्यात बिघाड काही नाही. आपला विषय आहे तो बेसिन कोरडं असताना, फक्त कमोडच्या फ्लशने येणाऱ्या आवाजाचा.

आधी एक प्रश्न: दोघं एका पाइपात आहेतच का?

महाराष्ट्रातल्या जुन्या इमारतींत मागच्या बाजूला डक्टमध्ये दोन उभे पाइप दिसतात. एक कमोडचा म्हणजे सॉइलचा, दुसरा बेसिन, न्हाणी आणि मोरीचा म्हणजे वेस्टचा. वेस्टचा पाइप खाली आधी गली ट्रॅपमध्ये उतरतो, तिथल्या पाण्याच्या बुचावरून मग चेंबरमध्ये जातो. सॉइलचा थेट चेंबरमध्ये. या रचनेत फ्लशची हवा बेसिनपर्यंत पोचायची वाटच नसते. तुमच्याकडे दोन पाइप असूनही बेसिन गुळण्या करत असेल, तर नूतनीकरणात कुणीतरी बेसिनची लाइन जवळ पडते म्हणून कमोडच्या लाइनला जोडली आहे, असा सरळ संशय घ्या. टाइल्सखाली हे सहज लपतं.

नव्या उंच इमारतींत सगळं एकाच उभ्या पाइपात सोडतात. तेही चालतं, पण मग त्या पाइपाचा श्वास मोकळा असणं फार गरजेचं होतं.

डोंबिवलीच्या इमारतीत गंमत वेगळीच होती. मूळचे बिडाचे दोन पाइप गंजले म्हणून सोसायटीने तीन वर्षांपूर्वी पीव्हीसीचे टाकून घेतले, तेव्हा ठेकेदाराने दोनाचा एक केला. साहित्य वाचलं, डक्ट मोकळं दिसलं, सगळे खूश. तीन वर्षं कुणाला काही जाणवलंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टिश्यू पेपरची चाचणी

बॉटल ट्रॅपमध्ये डोकावता येत नाही, म्हणून हा उपाय. साहित्य: एक पातळ टिश्यू पेपर, एक ओलं फडकं, एक बॅटरी आणि फ्लश ओढायला एक माणूस.

बेसिनच्या वरच्या कडेखाली जे छोटं भोक असतं, जास्तीचं पाणी जाण्यासाठी, त्यात ओलं फडकं घट्ट कोंबा. ही पायरी लोक हमखास विसरतात. ते भोक उघडं राहिलं तर हवा तिथूनच येते-जाते आणि कागद हलत नाही, मग तुम्ही म्हणता सगळं ठीक आहे. त्यानंतर टिश्यूचा एकच पदर ओला करून खालच्या जाळीवर असा पसरा की कडा चारी बाजूंनी बेसिनला चिकटतील आणि मधला भाग भोकावर ताणलेला राहील. आता आत फ्लश ओढायला सांगा. अर्धा नाही, पूर्ण.

कागदाची पहिली हालचाल बघा. मध्ये खळगा पडून कागद आत ओढला गेला, तर ओढ. पापडासारखा फुगला, तर रेटा. पहिलीच हालचाल बघायची, कारण एकदा धक्का बसला की ट्रॅपमधलं पाणी हिंदकळतं आणि कागद दोन्हीकडे हलतो. तीनदा करून बघा. दर वेळी कागद नवा घ्या, भिजून फाटका झालेला कागद खोटं बोलतो.

कागद ढिम्म राहिला पण आवाज आलाच, तर आवाज बेसिनचा नाहीच. खूप घरांत बेसिनचा पाइप भिंतीतून नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो आणि आवाज त्या ट्रॅपमधून पाइपाच्या पोकळीतून बेसिनपाशी ऐकू येतो. अशा वेळी नहाणीची जाळी काढा, आत वाटीसारखं झाकण असेल तर तेही काढा आणि बॅटरी मारा. इथे पाणी डोळ्यांनी दिसतं. फ्लशबरोबर पातळी खाली गेली तर ओढ, बुडबुडे वर आले तर रेटा. शक्य असेल तर एक काडी बुडवून ओल किती उंच लागते ते आधी आणि नंतर मोजा.

४०१ मध्ये आम्ही हेच केलं. टिश्यू इतक्या जोरात आत गेला की मध्येच फाटला. नहाणीतली काडी आधी ४८ मिलिमीटर ओली होती, लागोपाठ तीन फ्लशनंतर २० वर आली. आजींना सकाळी बाथरूममध्ये वास का येतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. रात्रभरात वरखाली चार-पाच फ्लश झाले की बूच निघून जायचं.

यावरूनच एक इशारा. गुडगुड अचानक थांबली आणि वास सुरू झाला, तर दुरुस्ती झाली असं समजू नका. ट्रॅपमध्ये पाणीच उरलं नाही म्हणून आवाज थांबला आहे. हवा आता बिनबोभाट ये-जा करते.

फ्लश कुणाचा, मजला कितवा

पुढची पायरी शेजाऱ्यांच्या मदतीने. तुमच्याच उभ्या पाइपावर असलेल्या वरच्या आणि खालच्या घरांत एकेकाला फ्लश ओढायला सांगा आणि तुम्ही तुमच्या बेसिनवर कागद ठेवून उभे राहा. फोनवर "ओढा" म्हणायचं, एवढंच.

फक्त तुमच्या स्वतःच्या फ्लशने कागद हलत असेल, तर दोष तुमच्या घरातल्या आडव्या पाइपात. दुसऱ्यांच्या फ्लशनेही हलत असेल, तर दोष सामाईक उभ्या पाइपात किंवा त्याच्या खाली. तो सोसायटीने दुरुस्त करायचा विषय आहे. तुमच्या टाइल्स फोडायची गरज नाही, हे प्लंबरला ठणकावून सांगता येतं.

मजलाही बरंच सांगतो. वरच्या मजल्यांवर ओढ जास्त, कारण बंद तोंडाच्या जवळ ते असतात आणि खाली पडणारं पाणी आपल्यामागे पोकळी सोडत जातं. तळमजला आणि पहिल्या मजल्यावर रेटा जास्त, कारण उभा पाइप जिथे आडवा वळतो तिथे पाणी आपटतं आणि हवा कोंडते.

इथेच डोंबिवलीचं प्रकरण फिरलं. सेक्रेटरी म्हणाले, १०१ मध्येही असाच आवाज येतो, एकाच लाइनवर आहेत, तेव्हा कारणही एकच असणार. प्लंबरचंही तेच मत. मी १०१ मध्ये कागद ठेवला. वरून ४०१ चा फ्लश सुटला, दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग कागद टुम्म फुगला. पाइप एक, आवाज एक, पण वर ओढ आणि खाली रेटा. म्हणजे दोन बिघाड होते आणि एकाच वेळी होते.

रेटा निघाला तर: बादल्या आणि चेंबर

अर्धवट तुंबलेली लाइन एका फ्लशला फसवते. फ्लशची टाकी साधारण ६ लिटरची, जुन्या टाक्या १० लिटरच्या. ११० मिलिमीटरच्या एक मीटर पाइपात जवळजवळ ८ लिटर पाणी मावतं. म्हणजे अडथळा असला तरी एका फ्लशचं पाणी पाइपातच थांबून हळूहळू झिरपून जातं आणि तुम्हाला वाटतं, गेलं की व्यवस्थित. म्हणून सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या कमोडमध्ये १० लिटरच्या तीन बादल्या लागोपाठ, पण सांभाळून ओता. लाइन मोकळी असेल तर तिसरीही पहिलीसारखीच जाते. अडथळा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या बादलीला कमोडमधलं पाणी वर चढतं, थबकतं आणि मग रेंगाळत उतरतं. पाणी काठाकडे यायला लागलं की थांबा. आणि वरच्या मजल्यांना त्या दहा मिनिटांत पाणी सोडू नका असं सांगून ठेवा.

मग चेंबर. लोखंडी किंवा सिमेंटचं झाकण सळईने उचला, दोन माणसं लागतात. झाकण काढल्यावर लगेच वाकून बघू नका, दहा मिनिटं हवा जाऊ द्या, वाऱ्याकडे पाठ ठेवून उभे राहा, विडी-काडी लांब. आत उतरायचं नाही. ड्रेनेजमधला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. खोल चेंबर असेल तर पाण्याच्या जोरदार झोताने लाइन साफ करणारी जेटिंगची गाडी मागवा. काही "अनुभवी" लोक अजूनही पोराला आत सोडू का विचारतात, त्यांना सरळ घरी पाठवा.

चेंबर वाचायचा कसा? तळाशी अर्धगोल पन्हळ असते. ती कोरडी किंवा पातळ वाहती असेल, तर इथपर्यंत लाइन मोकळी आहे, अडथळा चेंबर आणि तुमच्या मधोमध. पन्हळ बुडून पाणी उभं असेल तर अडथळा पुढे आहे. मग पुढचं झाकण उघडा. एक भरलेला आणि पुढचा कोरडा, तर गाठ त्या दोघांच्या मध्ये. सगळेच भरलेले असतील तर रस्त्यावरची महापालिकेची लाइन तुंबली आहे, तिथे तुमचा प्लंबर काही करू शकत नाही, तक्रार नोंदवा.

डोंबिवलीत पहिला चेंबर पन्हळीच्या वर चार बोटं भरलेला होता, दुसरा कोरडा. मधलं अंतर जेमतेम ५ मीटर. दुसऱ्या चेंबरमधून वरच्या दिशेने रॉड घातला. उलटं घालायचं, कारण साठलेलं पाणी सुटलं की ते अडथळ्याला आपल्याकडे ढकलतं. तिसऱ्या रॉडला काहीतरी टणक लागलं. अर्ध्या तासात बाहेर आलं ते राखाडी, गुळगुळीत, पाइपाच्या तळाच्या आकाराचं सिमेंट, त्यावर अडकलेली वेट वाइप्सची चिंधी. २०२ मध्ये एप्रिलमध्ये टाइल्स बदलल्या होत्या. गवंड्याने घमेली आणि थापी बाथरूममध्येच धुतली, राबडा नहाणीतून खाली गेला आणि चेंबरपुढच्या सपाट तुकड्यात बसून जमला. आधी पाणी त्यावरून निवांत जात असणार. वाइप्स त्याला अडकले आणि हवेची वाट बंद झाली.

असं जमलेलं सिमेंट ॲसिडने जात नाही. थोडं विरघळतं, बरंचसं ॲसिड जोडांच्या रबरला आणि पन्हळीला खातं, आणि पुढच्या माणसाच्या तोंडावर वाफ येते. ते रॉडने फोडावं लागतं नाहीतर तेवढा पाइप बदलावा लागतो. झाडाची मुळं असतील तर तीच गोष्ट. पिंपळ किंवा उंबर जवळ असेल आणि लाइन जुन्या चिनी मातीच्या पाइपांची असेल, तर जेटिंग करून मुळं कापली तरी ती परत येतात, कारण जोडात फट आहे. तिथे पाइप बदलणं हाच खरा इलाज.

कमोडमध्ये रबरी पंप मारणार असाल, तर आधी बेसिन आणि नहाणी ओल्या फडक्याने बंद करा. नाहीतर तुमचा सगळा जोर तिकडून बाहेर येतो, कधी कधी घाणीसकट.

ओढ निघाली तर: गच्ची

क्रम लक्षात ठेवा: आधी चेंबर, मग गच्ची. ओढ निघाली तरी चेंबर एकदा उघडून बघाच, पाच मिनिटांचं काम. कारण आता पुढे पाइप वर कुठेतरी उघडायचा आहे, आणि खाली लाइन तुंबलेली असताना तो उघडला तर उघडणाऱ्याचा अभिषेक होतो.

गच्चीत तुमच्या डक्टच्या सरळ रेषेत वर आलेला पाइप शोधा. त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी असते, तिला काउल म्हणतात. लोक वावरतात अशा गच्चीवर हा पाइप साधारण २ मीटर उंच असावा, म्हणजे वास माणसांच्या डोक्यावरून जातो. सहसा तिथे पुढीलपैकी काहीतरी सापडतं: कबुतराने काउलमध्ये घरटं केलेलं, काउल उडून पाइपात चेंडू किंवा बाटली पडलेली, वॉटरप्रूफिंगवाल्याने फरशीच्या पातळीला पाइप कापून त्यावर कोबा मारलेला. वास येतो म्हणून कुणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलेली, हे तर फार.

तोंड उघडं दिसलं तरी खात्री करा. टिश्यूची एक पट्टी पाइपाच्या तोंडावर लोंबकळत धरा आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लश ओढायला सांगा. पट्टी आत खेचली गेली तर वाट मोकळी. हलली नाही तर पाइप आत कुठेतरी बंद आहे. उदबत्तीचा धूर धरायची पद्धत काही जण सांगतात, पण ड्रेनेजच्या पाइपाच्या तोंडाशी जळतं काही नेऊ नये, कागद पुरतो.

डोंबिवलीच्या गच्चीवर काउल नव्हतंच. मे महिन्यात, पावसाच्या आधी, गच्चीवर पत्र्याची शेड घातली होती. फॅब्रिकेटरला पाइप आडवा आला. त्याने तो पत्र्याच्या हातभर खाली कापला, आणि शेडखाली वास नको म्हणून वर पीव्हीसीची एंड कॅप ठोकून दिली. सोसायटीने ते बघितलंही होतं. सगळ्यांना ते नीटनेटकं वाटलं.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट जुळते. दोनाचा एक पाइप केला तेव्हा बेसिनं फ्लशच्या हवेच्या तावडीत आली, पण वरून श्वास मोकळा होता म्हणून भागलं. मेमध्ये नाक दाबलं आणि जूनमध्ये बेसिनं बोलायला लागली. जुने दोन पाइप असते तर कॅप ठोकूनही बेसिन गप्प राहिलं असतं, फक्त कमोडमधलं पाणी हिंदकळलं असतं.

कॅप काढली, आजींना फ्लश ओढायला सांगितलं. त्यांचा वर फोन आला, "आता नाही हो आला आवाज." निदान पक्कं झालं, पण दुरुस्ती झाली नव्हती. उघडं तोंड शेडखाली ठेवलं असतं तर संध्याकाळी गच्चीत बसणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी परत कॅप ठोकली असती. म्हणून ११० मिलिमीटरचाच पाइप ४५ अंशांच्या दोन बेंडनी पत्र्याला आधार देणाऱ्या कैचीच्या बाजूला सरकवून पत्र्यातून वर काढला, पत्र्याच्या भोकाभोवती गळती रोखणारी रबरी कॉलर बसवली आणि वर काउल. पाइपाचा व्यास कमी करू नका. प्लंबर "हवाच तर जायची आहे" म्हणून ७५ किंवा ५० चा तुकडा सुचवतो, पण ही हवा कमी नसते, आणि अरुंद तोंड म्हणजे परत ओढ.

गच्चीवरचं तोंड मोकळं असूनही ओढ राहिली तर? मग उभ्या पाइपात वरच्या भागात काहीतरी अडकलं आहे किंवा दोष तुमच्या घरातल्या आडव्या तुकड्यात आहे. उभ्या पाइपावर मजल्या-मजल्याला स्क्रू किंवा बोल्टचं झाकण असलेला टी असतो, डोअर टी म्हणतात त्याला. चेंबर मोकळा असल्याची खात्री झाल्यावर तुमच्या मजल्याच्या वरचा डोअर टी तेवढ्यापुरता उघडून फ्लश ओढायचा. आवाज थांबला तर हवेचाच प्रश्न, आणि अडथळा त्या टीच्या वर. हे काम डक्टमध्ये लोंबकळून करावं लागतं, तेव्हा सेफ्टी बेल्ट बांधणाऱ्या प्लंबरलाच सांगा, ग्रिलवर पाय ठेवून स्वतः जाऊ नका.

बेसिन उभ्या पाइपापासून लांब असेल आणि आडव्या पाइपाला स्वतंत्र हवेची वाट देणं शक्य नसेल, तर बेसिनखाली हवा आत घेणारा एकतर्फी व्हॉल्व्ह बसवता येतो. तो आतल्या बाजूला उघडतो, बाहेर वास सोडत नाही. पण तो फक्त ओढीवर चालतो. रेटा असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि गच्चीवरच्या पाइपाऐवजी तर तो मुळीच बसवू नये. १०१ साठी एकाने तोच सुचवला होता.

बंगला, सेप्टिक टँक आणि पावसाळा

स्वतंत्र घरात चेंबरच्या पुढे सेप्टिक टँक असतो, तिथे अडथळ्याची जागा टँक घेतो. गाळ वाढून टँकच्या आत येणाऱ्या पाइपाचं तोंड बुडलं, की रेटा येतो. कोकणात एक वेगळा प्रकार दिसतो. गुडगुड फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, दिवाळीपर्यंत आपोआप बंद. तिथे लाइन तुंबलेली नसते. जमिनीतलं पाणी वर आल्याने शोषखड्डा पाणी घेत नाही आणि टँकची पातळी चढते. अशा घरात टँक उपसून चार दिवसांत आवाज परत आला, तर शोषखड्ड्याकडे बघा, परत उपसायला पैसे देऊ नका.

काम झाल्यावरची तपासणी

दुरुस्तीनंतर ट्रॅप परत भरणं विसरू नका. प्रत्येक बेसिन आणि नहाणीत तांब्याभर पाणी ओता, मगच टिश्यू लावा. ४०१ मध्ये आम्ही काडी पुन्हा बुडवली. तीन फ्लशनंतर ४८ ची ४५ झाली होती. थोडी हालचाल राहतेच, कागदही किंचित थरथरतो, आवाज न येता तेवढं चालतं. १०१ चा कागद हललाच नाही. एक काम मात्र राहिलं आहे. दोनाचा एक झालेला पाइप परत दोन करायचा का, यावर सोसायटीची बैठक अजून व्हायची आहे, आणि तोवर गच्चीवरच्या त्या पाइपावर लाल रंगाने "बंद करू नये" असं लिहून ठेवलं आहे.